जुनं ड्रिल मशीन विकायला काढताय? जाहिरात लिहिण्याआधी हे क्रमाने करा

'ड्रिल मशीन, पॉवरफुल, चालू कंडिशन, सगळी कामं होतात, बिट फ्री.' सोलापुरातल्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर बहुतेक मशीन याच ओळीवर विकायला येतात. ते वाचून बार्शीहून किंवा अक्कलकोटहून एखादा माणूस गाडीला किक मारून येतो. त्याला स्लॅबला पंख्याचं हूक लावायचं असतं आणि समोर निघतं साधं 10 मिलिमीटरचं ड्रिल, ज्यात हॅमरच नाही. विकणारा खोटं बोललेला नसतो. आपलं मशीन नेमकं काय आहे हे त्याने बघितलेलंच नसतं.

जाहिरातीत चार गोष्टी लागतात: ताकद, चक, सोबतचे बिट, आणि मशीनला झेपणारी कामं. यातली चौथी गोष्ट पहिल्या तीन नीट तपासल्याशिवाय लिहिता येत नाही. म्हणून लिहायचं काम सगळ्यात शेवटी. उदाहरणासाठी मी एका यंत्रमाग कारखान्यातल्या जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, विकायला काढलेलं मशीन घेतो. घरगुती मशीनला आणि कारखान्यातल्या मशीनलाही ते लागू पडतं.

1. आधी जात ओळखा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. हातातल्या ड्रिलचे तीन प्रकार बाजारात सर्रास दिसतात आणि तिन्हींना लोक 'हॅमर मशीन' म्हणतात.

साधं ड्रिल फक्त फिरतं. ते लाकूड, पत्रा आणि लोखंडासाठी असतं. इम्पॅक्ट ड्रिलवर एक खटका असतो, त्याच्या एका बाजूला बिटाचं आणि दुसऱ्या बाजूला हातोड्याचं चिन्ह. खटका हातोड्यावर केला की आतल्या दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात आणि बिट फिरता फिरता ठोके देतं. हे ठोके आपण जोर लावला तरच बसतात. तिसरा प्रकार रोटरी हॅमर. यात आत पिस्टन असतो आणि ठोका मशीन स्वतः मारतं, आपण फक्त धरून ठेवायचं.

ओळखायची सोपी खूण तोंडाशीच आहे. चावीने आवळायचा तीन दातांचा चक असेल तर ते साधं किंवा इम्पॅक्ट ड्रिल. तोंडावरची रबरी किंवा प्लास्टिकची कडी मागे ओढून बिट आत ढकलायचं असेल, आणि बसवल्यावरही बिट सेंटीमीटरभर मागे-पुढे हलत असेल, तर तो रोटरी हॅमर. त्याचे बिट वेगळे असतात, मागच्या दांड्याला खाचा असतात आणि दांडा बहुधा 10 मिलिमीटरचा असतो. गोल दांड्याचे साधे बिट त्यात थेट बसत नाहीत.

*तपासा:* चावीचा चक आहे आणि हातोड्याचा खटका आहे? मग जाहिरातीत 'इम्पॅक्ट ड्रिल' लिहा. 'हॅमर मशीन' लिहिलंत तर स्लॅब फोडणारे फोन करतील.

जॉबरचं मशीन इम्पॅक्ट ड्रिल निघालं.

2. पाटी वाचा, खोक्यावर जाऊ नका

मशीनच्या बाजूला पत्र्याची किंवा स्टिकरची पाटी असते. यंत्रमागाच्या शेडमधल्या मशीनवर ती सुताच्या लोंब्यांनी आणि तेलाने इतकी माखलेली असते की तिथे पाटी आहे हेच कळत नाही. थोडं रॉकेल लावलेल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा, घासू नका, नाहीतर छापलेले आकडे निघून जातील. मग तिरक्या उजेडात मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा.

पाटीवरच्या या गोष्टी वहीत उतरवा: मॉडेलचा पूर्ण नंबर, व्होल्ट, वॅट, मिनिटाचे फेरे, आणि लोखंड, काँक्रीट, लाकूड यांच्या चिन्हांपुढचे मिलिमीटर.

वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं ते. तेवढी सगळी ताकद बिटाच्या टोकाला मिळत नाही. बरीचशी मोटरच्या उष्णतेत, पंख्यात आणि गिअरमध्ये जाते. त्यामुळे 600 वॅटचं चांगल्या बांधणीचं मशीन 800 लिहिलेल्या हलक्या मशीनपेक्षा भारी पडू शकतं. जाहिरातीत पाटीवरचाच आकडा लिहा. खोक्यावर मोठ्या अक्षरात 850 आणि पाटीवर 550 असेल तर 550 लिहा. पाटीवर अँपिअरही दिलेले असतील तर पडताळा सोपा आहे: अँपिअरला 230 ने गुणा. 2.6 अँपिअर असतील तर उत्तर 600 च्या जवळ येतं. फार तफावत आली तर त्या पाटीवर विसंबू नका आणि जाहिरातीत वॅटच्या जागी पाटीचा फोटो द्या.

फेऱ्यांचा आकडा लोक सोडून देतात, आणि लोखंडाच्या कामाला तोच निर्णायक असतो. पाटीवर '0-2800' असेल तर ट्रिगर जेवढा दाबाल तेवढा वेग वाढतो. नुसतं '2800' असेल तर बहुधा एकच वेग. साध्या लोखंडात 4 मिलिमीटरच्या स्टीलच्या बिटाला मिनिटाला साधारण 2000 फेरे चालतात, 8 च्या बिटाला 1000 पुरे होतात आणि 10 च्या बिटाला 800. एकाच वेगाच्या मशीनवर 10 चं बिट लोखंडात घातलं तर ते कापण्याऐवजी घासतं, निळं पडतं आणि धार जाते. मशीनमध्ये ताकद असूनही काम होत नाही. म्हणून वेग कमी-जास्त होतो की नाही हे जाहिरातीत आलंच पाहिजे.

पाटीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर मशीनला दुहेरी इन्सुलेशन आहे आणि दोन पिनांचा प्लग बरोबर आहे. ते चिन्ह नसेल, बॉडी धातूची असेल आणि तरीही दोनच पिना असतील, तर बहुधा कोणीतरी अर्थिंगची वायर कापलेली आहे.

> सावधान: असं मशीन आधी दुरुस्त करून घ्या, मगच विकायला काढा. ओल्या भिंतीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये त्याने माणूस जाऊ शकतो.

जॉबरच्या मशीनची पाटी: 230 व्होल्ट, 600 वॅट, 0-2800 फेरे, लोखंड 10, काँक्रीट 13, लाकूड 25, दुहेरी इन्सुलेशनचं चिन्ह आहे.

3. चक मोजा आणि त्याची पकड बघा

आता प्लग काढा. चकला हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी प्लग काढायचा.

चकच्या कडेवर बारीक अक्षरं कोरलेली असतात, उदाहरणार्थ 1.5-13. याचा अर्थ दीड ते तेरा मिलिमीटर जाडीचा दांडा तो धरतो. हा आकडा बिटाच्या दांड्याचा आहे, भोकाचा नाही. '13 चं मशीन म्हणजे 13 चं भोक' हा समज इतका पक्का बसलाय की दुकानातही ऐकू येतो. याच मशीनची पाटी लोखंडात 10 म्हणते. शिवाय कमी बाजूचा आकडाही लिहा, कारण 1 मिलिमीटरचं बारीक बिट घेऊन येणाऱ्याला या चकचा उपयोग नाही.

अक्षरं झिजली असतील तर चक पूर्ण उघडा आणि 13 च्या बिटाचा दांडा जातो का बघा. गेला तर 13 चा, फक्त 10 चा जात असेल तर 10 चा.

मग डगमग तपासा. एक सरळ, नवं बिट घ्या, चावीने तिन्ही भोकांतून आळीपाळीने आवळा. एकाच भोकातून आवळलेलं बिट सरळ बसत नाही आणि चकवर नाहक आळ येतो. आता चक हाताने फिरवा आणि बिटाचं टोक कागदावरच्या ठिपक्यासमोर धरून बघा. टोक गोल गोल फिरत असेल तर बिट आणि चक दोन्हींवर मार्करने एकेक खूण करा, बिट सोडून अर्ध्या फेऱ्याने वळवा आणि पुन्हा आवळा. डगमग बिटावरच्या खुणेबरोबर सरकली तर बिट वाकडं आहे. चकवरच्या खुणेपाशीच राहिली तर चक किंवा आतला दांडा गेलेला आहे. चक बदलता येतो, दांडा वाकलेला असेल तर खर्च वाढतो. दोन्ही बाबतीत जाहिरातीत लिहायचं.

*तपासा:* चावी आहे का? तिचे दात झिजले नाहीत ना? चावी हरवली असेल तर चकच्या मापाची नवी घेऊन ठेवा. चावीशिवाय मशीन घ्यायला कोणी राजी होत नाही, आणि झालाच तर दर पाडून मागतो.

4. रिकामं चालवून बघा

मशीन भिंतीतल्या सॉकेटला थेट लावा. लांब, बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं, मशीन मऊ चालतं आणि तुम्ही विनाकारण 'ताकद कमी' लिहून बसता. कारखान्याच्या शेडमध्ये सगळे माग चालू असताना परीक्षा घेऊ नका, तेही याच कारणासाठी.

चावी काढली आहे याची खात्री करा आणि ट्रिगर हळूहळू दाबा. वेग सलग वाढतो का, की एकदम उडी मारतो? उडी मारत असेल तर स्विच खराब होत आलाय. मशीन थांबवा, उलट-सुलट फिरण्याचा खटका बदला, पुन्हा चालवा. चालू मशीनमध्ये हा खटका कधीच हलवू नका.

मागच्या जाळीतून आत बघा. कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या दिसणं साधारण आहे. पिवळी-नारिंगी आग कडं करून फिरताना दिसली तर कार्बन संपलेत किंवा आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, गेलंय. बऱ्याच मशीनवर कार्बनची टोपणं बाहेरून स्क्रू ड्रायव्हरने उघडतात. कार्बनचा तुकडा 5-6 मिलिमीटरच उरला असेल तर जोडी बदला. खर्च किरकोळ असतो आणि जाहिरातीत 'कार्बन नवीन' लिहिता येतं. नवे कार्बन घालून काही मिनिटं रिकामं चालवल्यावरही आग तशीच असेल तर दोष आर्मेचरचा, आणि ते मशीन 'दुरुस्तीसाठी' म्हणूनच विकावं.

5. बिट वेगळे करा आणि मोजा

'13 बिट फ्री' यात निम्मी स्क्रू ड्रायव्हरची टोकं निघतात. म्हणून डबा जमिनीवर ओता आणि तीन ढीग करा.

भिंतीच्या बिटाच्या टोकाला वेगळ्या धातूची, करड्या रंगाची पाचर डाग देऊन बसवलेली असते आणि ती बिटाच्या अंगापेक्षा किंचित रुंद असते. नखाने चाचपलं तर कळतं. लोखंडाच्या बिटाचं टोक आणि अंग एकाच धातूचं असतं आणि टोकाला दोन धारदार कडा असतात. लाकडाच्या बिटाला मध्ये सुईसारखं टोक असतं.

हे ढीग इथेच करा, पुढच्या पायरीनंतर नको. भिंतीचं बिट लोखंडात घालून 'मशीनमध्ये दम नाही' असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत. लोखंडाचं बिट भिंतीत घातलं तर एका भोकात धार जाते.

मापं दांड्यावर कोरलेली असतात. पुसली असतील तर व्हर्निअरने मोजा, पण भिंतीच्या बिटाचं माप टोकाच्या पाचरीवर घ्या, दांड्यावर नाही. धार गेलेली, पाचर तुटलेली बिटं बाजूला काढा किंवा तशी नोंद करा.

जॉबरच्या डब्यात भिंतीची 6, 8, 10 निघाली, त्यातल्या 10 ची पाचर गोल झालेली. लोखंडाची 3, 4, 5, 6, 8. लाकडाचं एकही नाही. बाकी सगळी स्क्रूची टोकं.

6. प्रत्यक्ष भोकं पाडा

पाटीवरचे मिलिमीटर ही कंपनीने सांगितलेली वरची मर्यादा आहे. रोजच्या कामात आपण तिच्या बरंच अलीकडे थांबतो. तुमचं जुनं मशीन कुठे थांबतं ते आता बघायचं. डोळ्यांवर चष्मा हवा, हातमोजे नकोत, सैल बाही किंवा उपरणं तर अजिबात नको.

*विटेची भिंत.* हॅमर चालू, 8 चं बिट, 50 मिलिमीटर खोल. जुळे सोलापूरच्या किंवा होटगी रोडच्या फ्लॅटमधल्या प्लास्टर केलेल्या विटेत हे काम झटक्यात झालं पाहिजे. नाही झालं तर आधी खटका खरंच हातोड्यावर आहे का आणि मशीन उलटं फिरत नाही ना ते बघा. या दोन चुकाच बहुतेक वेळा निघतात.

*काँक्रीटचा कॉलम किंवा बीम.* तेच बिट. इथे वेग खूप पडेल, अधूनमधून बिट बाहेर काढून भुकटी काढावी लागेल. एकदम बिट पुढे जायचं थांबलं आणि टणटण आवाज बदलला तर आत गज लागलाय. जोर लावू नका, जागा बदला. इम्पॅक्ट ड्रिलने कॉलमला दोन-चार भोकं होतात, दिवसभराचं काम होत नाही.

*काळा दगड.* गावठाणातल्या जुन्या वाड्यांच्या आणि माळवदाच्या घरांच्या भिंती काळ्या दगडाच्या असतात. जॉबरच्या मशीनने त्या दगडात बोटाच्या पेराएवढंही खोल गेलं नाही, उलट बिटाचं टोक तापून लाल व्हायला लागलं. दगडाला रोटरी हॅमर लागतो. सोलापुरात ही ओळ जाहिरातीत असलीच पाहिजे, कारण निम्मं जुनं गाव या भिंतींचं आहे.

*लोखंडी अँगल.* हॅमर बंद. 5 मिलिमीटर जाडीचा तुकडा शिकंजात धरा, हाताने कधीच नाही, कारण बिट आरपार निघताना अडकतं आणि तुकडा पात्यासारखा फिरतो. पंचने खूण करा, आधी 4 चं भोक पाडा, मग 8 चं बिट लावून वेग कमी ठेवा आणि तेलाचे दोन थेंब सोडा. लांब, गुंडाळलेला बुरादा निघाला तर बिट कापतंय. नुसती पूड आणि धूर निघाला तर वेग जास्त आहे किंवा धार गेली आहे. मागाचा साचा बिडाचा असतो, त्यात मात्र तेल घालायचं नाही आणि पूडच निघते, तेव्हा घाबरू नका.

जॉबरच्या मशीनने 8 चं भोक आरामात पाडलं. उसन्या 10 च्या बिटाने एक भोक झालं, पण मोटर इतकी तापली की थोडा वेळ रिकामी फिरवून थंड करावी लागली.

> सावधान: तापलेलं मशीन लगेच बंद करू नका. रिकामं पूर्ण वेगाने अर्धा-एक मिनिट फिरवा, आतल्या पंख्याने ते थंड होतं.

फरशीवर परीक्षा घ्यायची गरज नाही, पण एक सूचना लिहा: टाइल संपेपर्यंत हॅमर बंद, नाहीतर टाइल तडकते.

7. आता जाहिरात लिहा

क्रम असा ठेवा: जात आणि मॉडेल, ताकद आणि वेग, चक, बिट, होणारी कामं, न होणारी कामं, दोष. न होणारी कामं लिहिली की फोन कमी येतात, पण जो येतो तो घेऊन जातो. जॉबरची जाहिरात शेवटी अशी झाली:

> इम्पॅक्ट ड्रिल, 600 वॅट, 13 मिमी चक, वापरलेलं
>
> मॉडेल नंबर आणि पाटीचा फोटो खाली. 230 व्होल्ट, वेग 0 ते 2800, ट्रिगरवर कमी-जास्त होतो, उलट-सुलट फिरतं, हॅमरचा खटका चालू. दोन पिनांचा मूळ प्लग, दुहेरी इन्सुलेशन.
>
> चक चावीचा, 1.5 ते 13 मिमी दांडा धरतो. चावी आहे. डगमग नाही. कार्बन नवीन.
>
> सोबत: भिंतीचे बिट 6, 8 चांगले, 10 बोथट. लोखंडाचे 3, 4, 5, 6, 8. स्क्रूची टोकं वेगळी. लाकडाचे बिट नाहीत.
>
> होणारी कामं: विटेच्या भिंतीत 10 मिमीपर्यंत गिट्टीची भोकं, पडद्याचे रॉड, कपाट, गिझर. लोखंडात 8 मिमीपर्यंत, 10 चं एखाद-दुसरं. पत्रा, लाकूड, मागाची किरकोळ दुरुस्ती.
>
> होत नाही: काळ्या दगडाची भिंत, स्लॅबला सतत भोकं, तोडफोड.
>
> दोष: बाजूचं हँडल नाही. कारखान्यात वापरलेलं, बॉडीवर ओरखडे.

भिंतीत 10 पर्यंत लिहिलंय, पाटीवर 13 असूनही, कारण रोज तेवढं विनातक्रार होतं. बाजूचं हँडल नसणं ही किरकोळ बाब नाही. मोठं बिट अडकलं की मशीन मनगट पिरगाळतं, म्हणून ते नमूद केलं.

बॅटरीचं ड्रिल असेल तर वॅटच्या जागी बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहा. '20 व्होल्ट मॅक्स' आणि '18 व्होल्ट' ही बहुतेक एकाच बॅटरीची दोन नावं असतात, पूर्ण चार्जला 20 आणि चालताना सरासरी 18. बॅटरी किती, चार्जर मूळ आहे का, आणि पूर्ण चार्जवर भिंतीत 6 ची किती भोकं झाली, एवढं पुरतं.

8. फोटो आणि गिऱ्हाईक

फोटो पाच पुरे: पूर्ण मशीन, पाटी, चकवरची अक्षरं, बिट ढिगांनुसार मांडलेले मापपट्टीसह, आणि तुम्ही पाडलेली भोकं. इंटरनेटवरून नव्या मशीनचा फोटो उचलून टाकू नका. मॉडेलच्या शेवटचं एक अक्षर बदललं तरी चक आणि वेग बदलतो.

घ्यायला माणूस येणार असेल तर विटेचा तुकडा, अँगलचा तुकडा आणि शिकंजा तयार ठेवा. मशीन त्याच्याच हातात द्या, बिट त्याचंच असेल तर उत्तम. चक आवळून झाल्यावर चावी मात्र तुम्ही स्वतः काढून खिशात ठेवा. अनोळखी मशीनवर लोक चावी तशीच ठेवून ट्रिगर दाबतात.

फोनवर 'स्लॅबला चालेल का?' हा प्रश्न हमखास येतो. उलट विचारा: 'भोकं किती आणि कितीची?' उत्तर 'चार, सहाची' असेल तर चालेल म्हणून सांगा, फक्त वेळ लागेल हेही सांगा. उत्तर 'फॉल्स सीलिंगचं काम घेतलंय' असं आलं, तर रोटरी हॅमर बघा म्हणून सरळ सांगा आणि त्याची चक्कर वाचवा.